बॅग आली नाही आणि फॉर्म मात्र आला

*मुलीच्या बाळंतपणासाठी मुंबईहून म्युनिकला आले, वाटेत आखातात विमान बदललं. 4 नोव्हेंबरला उतरले तर दोनपैकी एक बॅग आलीच नाही. पट्ट्याजवळ उभी असतानाच मोबाइलवर मेसेज आला की तुमची बॅग नंतरच्या विमानाने येईल, काउंटरवर नोंद करा. नोंद केली, कागद मिळाला. आज अकरावा दिवस. आता भलामोठा फॉर्म आलाय. प्रत्येक वस्तू कधी घेतली, कितीला घेतली, बिल कुठे आहे, असं विचारलंय. आईच्या पैठणीचं बिल मी कुठून आणू? बॅगेत बाळाच्या गोधड्या, झबली, चांदीचे वाळे, डिंकाचे लाडू, माझे सगळे गरम कपडे होते. जावई म्हणतात, एवढं कशाला लिहीत बसता, सरळ दोन हजार युरो टाका, तेवढे देतातच. फॉर्म 21 दिवसांत पाठवा असंही लिहिलंय, म्हणजे 21 दिवसांनी बॅग गेलीच का? – एक वाचक, नाशिक (मुक्काम म्युनिक)*

ताई,

जावईबापूंचं आधी बाजूला ठेवू, कारण त्यांचा आकडा ज्या समजुतीवर उभा आहे ती फार लोकांची असते. आंतरराष्ट्रीय प्रवासात सामानाच्या भरपाईला मॉन्ट्रियल करार लागू होतो. भारत त्यात 2009 मध्ये सामील झाला आणि जर्मनीही त्यात आहे, त्यामुळे तुमच्या प्रवासाला तोच नियम. या करारात प्रत्येक प्रवाशामागे एक कमाल रक्कम ठरलेली आहे. ती एसडीआर नावाच्या, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी चलनात मोजतात. 28 डिसेंबर 2024 पासून ती 1,519 एसडीआर आहे. एसडीआरचा भाव रोज हलतो, पण ढोबळ मानाने ही रक्कम अठराशे युरोच्या आसपास, म्हणजे पावणेदोन ते दोन लाख रुपये होते.

पण ही मर्यादा आहे, बक्षीस नाही. बॅग हरवली की इतके पैसे आपोआप मिळतात असं करारात कुठेही म्हटलेलं नाही. एका प्रवाशाने नेमका हाच दावा केला होता, की बॅग पूर्ण गेली असेल तर पूर्ण मर्यादेएवढे पैसे द्या, हिशेब मागू नका. युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2020 मध्ये तो मान्य केला नाही. नुकसान किती झालं हे प्रवाशानेच दाखवायचं. मात्र त्याच निकालात तुमच्या कामाचं एक वाक्य आहे: प्रवाशाकडे कागदी पुरावा नसेल तर बॅगेचं वजन, ती कुठल्या प्रवासात हरवली अशा गोष्टी लक्षात घेऊन न्यायालय रक्कम ठरवू शकतं. म्हणजे बिल नाही म्हणून हक्क संपत नाही, आणि बिल नाही म्हणून वाटेल तो आकडाही टाकता येत नाही. तुमचा फॉर्म या दोन्हींच्या मधल्या जागेत भरायचा आहे.

मी विमानतळावर सामानाच्या तक्रारींच्या काउंटरवर बरीच वर्षं काढली. त्या फॉर्मकडे लोक भरपाईचा अर्ज म्हणून बघतात, तो अर्धाच खरा आहे. त्याचा पहिला अर्धा भाग बॅग शोधण्यासाठी असतो आणि दुसरा अर्धा तुमचा हिशेब तपासण्यासाठी. वस्तूंची यादी दोन्हीकडे वापरली जाते, म्हणून ती इतकी चिकटपणे विचारतात.

शोधाचं आधी सांगते. काउंटरवर तुम्हाला जो कागद मिळाला त्याला पी.आय.आर. म्हणतात. त्यावर दहा अक्षरी-आकडी क्रमांक असेल, साधारण MUCXX12345 असा. पहिली तीन अक्षरं विमानतळाची, पुढची दोन विमान कंपनीची, मग पाच आकडे. हा क्रमांक वर्ल्डट्रेसर नावाच्या यंत्रणेतला आहे. जगभरातल्या बहुतेक कंपन्या ही एकच यंत्रणा वापरतात. एका बाजूला तुमच्यासारख्यांच्या न आलेल्या बॅगा आणि दुसऱ्या बाजूला कुठल्याशा विमानतळावर बेवारस पडलेल्या बॅगा, अशा दोन याद्या तिथे एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात. बॅगेला चिकटवलेली दहा आकडी पट्टी शाबूत असेल तर हे काम काही तासांत होतं. विमान बदलताना मधल्या विमानतळावर मागे राहिलेली बॅग बहुधा अशीच पुढच्या एकदोन विमानांतून येते. तुम्हाला मेसेज आला तोही याच भरवशावर: बॅग पुढच्या विमानात चढल्याची नोंद सापडली नाही, की यंत्रणेतून तो आपोआप निघतो. बॅग कुठे आहे हे माणसाने बघून पाठवलेला तो निरोप नव्हे.

अकरा दिवस झाले तरी पत्ता नाही, याचा अर्थ माझ्या अंदाजाने पट्टी फाटली किंवा गळून पडली. आता तुमची बॅग कुठल्यातरी गोदामात नाव नसलेली उभी आहे. तिथला कर्मचारी ती उघडतो आणि आत काय दिसतं ते यंत्रणेत लिहितो. त्याने लिहिलेलं आणि तुम्ही लिहिलेलं जुळलं तरच बॅग तुमची. अशा वेळी बॅगेचा रंग आणि प्रकार यांचा उपयोग थोडाच, कारण काळी, चार चाकांची, कडक पाठीची बॅग गोदामात ढिगाने असते. म्हणून यादीत ‘कपडे’, ‘साड्या’, ‘लहान मुलाचे कपडे’ असं लिहू नका. तुमच्या बॅगेत अशी एखादी वस्तू शोधा जी दुसऱ्या कुणाच्या बॅगेत असण्याची शक्यता नाही, आणि ती यादीत सगळ्यात वर घ्या. तुमच्या बाबतीत ती गोधडी आहे. फक्त ‘गोधडी’ लिहून भागणार नाही. जुन्या सुती साडीचे तुकडे जोडून हाताने धावदोरा घातलेली, अमुक रंगाची किनार असलेली, सुमारे तीन फूट बाय तीन फूट पातळ बाळरजई, असं मुलीकडून इंग्रजीत लिहून घ्या. गोदामात उभ्या असलेल्या, गोधडी कधी न पाहिलेल्या माणसाला ती ओळखता आली पाहिजे. पितळी निरांजन, देवीचा फोटो, बाळाचं नाव शिवलेलं टोपडं, एखाद्या दुकानाचं मराठी अक्षरं छापलेलं कापडी पाकीट, असं काही असेल तर तेही. गोधडीचा फोटो मुलीच्या मोबाइलमध्ये नक्की असेल, तो जोडा. काउंटरवर घाईत दिलेल्या माहितीत यातलं काहीच गेलेलं नसतं, त्यामुळे फॉर्मची वाट न पाहता ही भर आजच पी.आय.आर. क्रमांक लिहून ईमेलने पाठवा. सुरुवातीचे काही दिवस फाइल विमानतळावरच्या लोकांकडे असते, नंतर ती कंपनीच्या मुख्य शोध विभागाकडे जाते. तिथे बसलेला माणूस याच तपशिलांवर काम करतो.

आता हिशेबाचा अर्धा भाग. इथे तिकीट, बोर्डिंग पास आणि सामानाच्या पट्टीची पावती मागतात. पावती फेकली नसेल तर उत्तम. तिच्यावर तुमच्या दोन बॅगांचं मिळून वजन असतं, म्हणजे 2/45 असं काहीतरी: दोन नग, 45 किलो. आलेली बॅग घरी काट्यावर ठेवा. ती 23 भरली तर हरवलेली 22 किलोची. हा आकडा फॉर्ममध्ये स्वतःहून लिहा, कारण तपासणारा तुमची यादी वाचताना मनात वजन करत असतो. 22 किलोच्या बॅगेत अकरा जोडी बूट, लॅपटॉप आणि चाळीस साड्या लिहिणारे मी पाहिलेत. त्यांची यादी वाचणाऱ्याने बाजूला ठेवली की मग खऱ्या वस्तूही संशयात जातात.

तुमची यादी मी अशी मांडली असती. नुसता नमुना आहे, आकडे तुमचे तुम्ही घाला. रिकामी बॅग 4 किलो, तीन वर्षांपूर्वी 6,500 रुपयांना घेतलेली. पैठणी 30,000. बाकीच्या चार साड्या 14,000, सहा ड्रेस 9,000, स्वेटर आणि शाल 5,500. गोधड्या, झबली-टोपडी 6,000. वाळे 7,000. निरांजन आणि पूजेचं साहित्य 2,500. लाडू, मसाले आणि इतर खाऊ सहाएक किलो, 5,500. बेरीज 86,000 रुपये, आणि वजनाचा ताळा 22 किलोशी बसतो. जावईबापूंच्या दोन हजार युरोंच्या हे निम्म्याच्या आसपास भरतं. दोन हजार लिहिले असते तर ते मर्यादेच्याही वर गेले असते आणि खाली एकही ओळ नसती.

किंमत कोणती लिहायची यावर लोक अडतात. फॉर्म खरेदीची किंमत आणि खरेदीची तारीख विचारतो, आणि त्यामागचा हेतू सरळ आहे. कंपनी त्यातून जुनेपणाची वजावट करते. तीन वर्षं वापरलेल्या स्वेटरची नव्याएवढी किंमत मिळत नाही. दर वर्षाला किती कापायचं हे करारात लिहिलेलं नाही, ते कंपनीचं आपलं कोष्टक असतं. म्हणून तारखेच्या रकान्यात ‘आठवत नाही’ लिहू नका. तसं लिहिलं की सगळ्यात जास्त वजावट लावायला मोकळीक मिळते. दिवाळी 2023, भाचीच्या लग्नात, असं जमेल तितकं जवळचं लिहा. ऑनलाइन घेतलेल्या वस्तूंची बिलं तुमच्या ईमेलमध्ये असतातच. दुकानातून कार्डाने किंवा यूपीआयने घेतल्या असतील तर बँकेच्या उताऱ्यातली ती ओळ पुरावा म्हणून चालते. दुकानदाराकडून जुन्या बिलाची प्रत मागवता येते. ओळखीच्या दुकानातून कोरं बिल आणून मागची तारीख टाकायचा सल्ला कुणी देईलच, तो ऐकू नका. फॉर्मच्या शेवटी माहिती खरी असल्याची सही आहे, आणि एक बिल खोटं निघालं की अख्खा दावा फेटाळायला कंपनीला आयतं कारण मिळतं.

पैठणीला वजावटीचा नियम लावू देऊ नका, आणि त्यासाठी थोडी मेहनत घ्या. ती जुनी आहे म्हणून स्वस्त झाली, हा हिशेब स्वेटरला ठीक आहे, हातमागाच्या अस्सल जरीच्या पैठणीला नाही. बिलाऐवजी तुमच्याकडे तीन गोष्टी असू शकतात. तुम्ही किंवा आईंनी ती नेसलेला फोटो, ज्यात पदर आणि काठ दिसतात. तिचं वर्णन: रंग, काठ, पदरावरची नक्षी, हातमाग की यंत्रमाग. आणि तशाच साडीचं आजचं दरपत्रक. येवला नाशिकपासून दूर नाही. घरच्या कुणाला तिथल्या विणकराकडे फोटो घेऊन पाठवा आणि त्याच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी, या प्रतीची साडी आज किती रुपयांना विणून मिळेल हे लिहून घ्या. पैठणीला 2010 पासून भौगोलिक मानांकन आहे, त्याचाही उल्लेख पत्रात असू द्या, म्हणजे वाचणाऱ्याला ही साधी रेशमी साडी नव्हे एवढं कळेल. आईची आठवण म्हणून वेगळी रक्कम मागता येते का? युरोपीय न्यायालयाने 2010 मध्ये असं म्हटलंय की मानसिक नुकसानही करारातल्या त्याच कमाल मर्यादेत धरायचं. म्हणजे तो मुद्दा कायद्यात पूर्ण परका नाही. पण कंपनीच्या टेबलावर त्याला पैसे मिळताना मी पाहिलेले नाहीत. दोन ओळी लिहा, त्याच्या भरवशावर राहू नका.

वाळ्यांचं अवघड आहे. तिकिटाच्या शर्तींमध्ये जवळपास प्रत्येक कंपनी लिहिते की रोख रक्कम, दागिने, महत्त्वाची कागदपत्रं, इलेक्ट्रॉनिक वस्तू आणि नाशवंत पदार्थ चेक-इन बॅगेत ठेवू नका, त्यांची जबाबदारी आमची नाही. मॉन्ट्रियल करारात मात्र वस्तूंचा असा अपवाद नाही, आणि कराराने ठरवलेली जबाबदारी कमी करणारी शर्त त्याच करारानुसार रद्दबातल ठरते. म्हणून वाळे यादीत लिहा, सोनाराची पावती असेल तर जोडा. कंपनी नाही म्हणेल, तेव्हा हे कलम दाखवा, पण 7,000 रुपयांसाठी कोर्टापर्यंत जाल असं मला वाटत नाही. खाऊचंही तसंच. लाडू अकरा दिवसांत तसेही गेले. एक बारीक सूचना: दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात आणायला प्रवाशांना बंदी आहे. बॅगेत तुपाची बरणी असेल तर ती यादीत लपवू नका, कारण बॅग सापडली की ती तुमच्याविना जर्मन कस्टममधून जाते आणि उघडली जाऊ शकते. फॉर्ममध्ये कुलपाचा आकडा आणि बॅग उघडायची परवानगी विचारतात ती यासाठीच. बरणी काढून घेतील, बाकी बॅग येईल. वाळे आणि खाऊ वगळले तर तुमच्या 86,000 चे 73,500 राहतात, आणि कपड्यांची वजावट त्यातून होईल. कंपनीचा पहिला देकार यापेक्षा कमी असणार, हे धरून चला.

दुसरा रकाना तातडीच्या खरेदीचा. हा बॅग हरवण्याशी नव्हे, उशिराशी जोडलेला आहे, म्हणून बॅग उद्या मिळाली तरी हे पैसे मागता येतात. नोव्हेंबरात म्युनिकला तुम्ही गरम कपड्यांविना उतरलात. कोट 95 युरो, बूट 60, गाउन आणि आतले कपडे 48, मोबाइलचा चार्जर 25, साबण-तेल-कंगवा 17, असा 245 युरोंचा खर्च झाला असेल तर तो सगळा गरजेचा म्हणून समजावता येतो. पावत्या मुलीच्या नावावर असतील तर काही बिघडत नाही, एका ओळीत तसं लिहा. काही कंपन्या कोट-बुटांसारख्या नंतरही उरणाऱ्या वस्तूंचे निम्मेच पैसे देतात. तसं झालं तर 155 चे साडेसत्त्याहत्तर, आणि एकूण 167.50 युरो. हे त्यांचं अंतर्गत धोरण आहे, करारातलं कलम नव्हे, त्यामुळे नम्रपणे हरकत घ्या. त्या पावत्या जपून ठेवा. त्या उष्णतेने अक्षरं उमटणाऱ्या कागदावर छापतात आणि काही काळाने पुसट होतात, आजच फोटो काढा. आणि हे पैसे बॅगेच्या भरपाईच्या वर नाहीत. उशीर आणि हरवणं दोन्ही मिळून मर्यादा तीच, 1,519 एसडीआर.

उशिराच्या दाव्यात कंपनीला एक पळवाट आहे: उशीर टाळण्यासाठी शक्य ते सगळं केलं हे सिद्ध केलं तर ती सुटते. बर्फात विमानतळ बंद पडला तर हे चालून जाईल. पट्टी फाटली किंवा सामान चढवायचं राहून गेलं, याला तो बचाव लागू पडत नाही. बॅग हरवण्याच्या दाव्यात तर हा बचावच नाही.

फॉर्मच्या एका रकान्यात प्रवास विमा आहे का, यापूर्वी सामानाचा दावा केलाय का, असं विचारतात. खरं उत्तर द्या. विमा असेल तर त्यांच्याकडे स्वतंत्र दावा करायचा असतो आणि त्यांना पी.आय.आर. व कंपनीचं पत्र लागतं. एकाच कोटाचे दोन ठिकाणांहून पैसे घ्यायचे नाहीत, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ. बँकेच्या रकान्यात युरोपातल्या खात्याचा आयबीएएन किंवा भारतीय खात्याचा क्रमांक आणि स्विफ्ट कोड मागतील. कार्डाचा पिन, ओटीपी किंवा ‘प्रक्रिया शुल्क’ कुठलीही कंपनी मागत नाही. बॅग हरवल्याची तक्रार कुणी समाजमाध्यमांवर जाहीर लिहिली की कंपनीच्या नावाने खोटी खाती लगेच लिंक घेऊन हजर होतात, त्यामुळे मुलीने तसं काही लिहिलं असेल तर येणाऱ्या लिंककडे संशयानेच बघा. फॉर्म कंपनीच्या संकेतस्थळावरून पी.आय.आर. क्रमांक टाकूनच उघडा.

आता 21 दिवस. हे दोन वेगवेगळे आहेत आणि कंपन्यांच्या मजकुरात ते एकत्र कालवलेले असतात. पहिले 21 दिवस बॅग यायला हवी होती त्या दिवसापासून. तुमचे 4 नोव्हेंबरपासून मोजून 25 नोव्हेंबरला संपतात. तोवर बॅग आली नाही तर कंपनीने कबूल करो न करो, कायद्याने ती हरवली असं धरून तुम्ही पूर्ण किंमत मागू शकता. त्या दिवशी शोध थांबतो असं मात्र नाही. दुसरे 21 दिवस बॅग तुमच्या हातात आल्यापासून. समजा ती 20 नोव्हेंबरला घरी आली, तर उशिराच्या खर्चाची लेखी मागणी 11 डिसेंबरच्या आत जायला हवी. आणि तीच बॅग फुटलेली आली किंवा आतलं काही गायब असेल तर मुदत फक्त सात दिवसांची, 27 नोव्हेंबरची. हे सात दिवस लोक सर्रास घालवतात, कारण बॅग मिळाल्याच्या आनंदात ती उघडून यादीशी ताडून पाहत नाहीत. बॅग देणारा माणूस सही मागेल तेव्हाच, दारातच, कुलूप आणि चेन बघा. सगळे दिवस कॅलेंडरचे, रविवारसकट.

तेव्हा तुम्ही फॉर्म आत्ताच पाठवा. तुमची मुदत अजून संपत आलेली नाही, पण लवकर गेलेली यादी शोधालाही उपयोगी पडते. 25 तारखेनंतर एक वेगळं ईमेल लिहा की 21 दिवस उलटले, आता हा दावा हरवलेल्या बॅगेचा समजावा, तातडीच्या खर्चासह. सगळं लेखी. फोनवर कुणी गोड बोललं तरी त्याच संध्याकाळी त्या बोलण्याचा मजकूर ईमेलने त्यांना पाठवा.

तुमचं तिकीट दोन वेगळ्या कंपन्यांच्या विमानांचं एकत्र असेल तर एक कंपनी दुसरीकडे बोट दाखवील. करारानुसार एकाच तिकिटावरच्या प्रवासात सामानासाठी पहिल्या, शेवटच्या किंवा जिच्या ताब्यात असताना बॅग गेली त्या कंपनीकडे मागता येतं. नेमकी कुठे गेली हे तुम्हाला सिद्ध करायचं नाही. पी.आय.आर. ज्यांच्या नावावर आहे त्यांना धरून बसा.

फॉर्ममधली सही आणि देकाराबरोबर येणारी सही या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली फक्त माहिती खरी आहे याची. दुसरीत ‘पूर्ण आणि अंतिम भरपाई’ असे शब्द असतात आणि ती केली की पुढचं सगळं बंद. देकार आला की रक्कम कशी काढली याचा तपशील मागा: कुठली वस्तू नाकारली, वजावट किती. पैशांऐवजी व्हाउचर किंवा पुढच्या तिकिटासाठी वापरायचे मैल देऊ केले तर ते घ्यायलाच हवेत असं नाही. तातडीच्या खर्चाचे पैसे आधी देऊन त्या पावतीवरच अंतिम शब्द घुसवलेला असू शकतो, तो खोडून, ‘केवळ तातडीच्या खर्चापोटी’ असं लिहून सही करा.

देकार पटला नाही तर दोन वर्षांत कोर्टात जाता येतं, आणि ही दोन वर्षं 4 नोव्हेंबरपासून मोजायची, नकाराच्या ईमेलपासून नाही. तक्रारीच्या पत्रव्यवहारात दीड वर्ष सहज जातं, म्हणून तारीख लिहून ठेवा. तुमचं तिकीट मुंबई ते म्युनिक आणि परत असं असेल तर कायद्याच्या दृष्टीने तुमचं अंतिम ठिकाण मुंबईच आहे, त्यामुळे दावा भारतात चालवता येतो. ग्राहक आयोगाकडे तक्रार ऑनलाइन करता येते, आणि त्याआधी नागरी उड्डाण मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर नोंद केली तर कंपनीकडून निदान लेखी उत्तर येतं. परतीचं तिकीट वेगळं काढलेलं असेल तर मात्र अंतिम ठिकाण म्युनिक धरलं जाईल. मग तिकीट कुठल्या कंपनीच्या कुठल्या कार्यालयातून घेतलं ते बघावं लागेल, तिकिटाची प्रत पाठवलीत तर तेवढं मी बघून सांगते.